सावली पुसली तरी परत दिसते: तुळशी वृंदावनाच्या स्कॅनमधलं मुरलेलं ऊन कसं काढावं

लक्षण असं असतं. स्कॅन चांगला होतो, त्रिकोण कमी करून होतात, मेश नव्याने बांधून होते, टेक्स्चरमधला उजेड काढणारं टूलही चालवून होतं. मग वस्तू सीनमध्ये ठेवून सूर्य फिरवावा, तर तिच्यावर दोन सावल्या दिसतात. एक आपल्या सूर्याबरोबर सरकते. दुसरी जागची हलत नाही, कारण ती सावली नसून रंग आहे, टेक्स्चरमध्ये मुरलेला. ब्रशने घासून काढली तर तिथे राखाडी चट्टा उरतो. टूल जास्त जोरात चालवलं तर सगळी वस्तू खडूची केल्यासारखी पांढुरकी होते.

गेल्या वर्षभरात हा एकच प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या रूपांत येत राहिला. ऐरोलीहून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाच्या तीन स्कॅनमध्ये तो तीनदा आला. शेवटी मी त्याची पूर्ण फाइल मागवून घेतली आणि सुरुवातीपासून पायरी-पायरीने तपासली. चूक टेक्स्चर साफ करण्यात नव्हती. चूक त्याच्या कितीतरी आधी होती, आणि ती आपण सगळे नीटनेटकेपणाच्या सवयीने करतो. मेश हातात आली की आपण पहिलं काम करतो ते आजूबाजूचा पसारा छाटण्याचं. भिंत, झाड, वरचा पत्रा, फरशी, सगळं काढून टाकतो आणि फक्त वस्तू ठेवतो. मग तासाभराने सावली काढायला बसतो. पण सावली पाडणारा पत्रा तर आपणच फेकून दिलेला असतो. आता सॉफ्टवेअरला हा काळा पट्टा सावली आहे की दगडच तिथे काळा आहे, हे कळायला काही मार्ग उरत नाही. त्याच्या हातात फक्त रंग आहे, आणि रंगावरून अंदाज बांधणं हाच त्याचा एकमेव उपाय.

म्हणून क्रम उलटा हवा. उजेडाचा हिशेब आधी, छाटणी नंतर. हे सगळं ज्या एका स्कॅनवर मी बसवून पाहिलं, तोच इथे सविस्तर देते.

वस्तू

ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका घरापुढचं तुळशी वृंदावन. काळ्या दगडाचं, चौकोनी, साधारण १.२ मीटर उंच. खाली पायरीचा चौथरा, मध्ये निमुळता भाग, समोर पणती ठेवायची दिवळी, वर तुळशीचा चौकोन. घर पाडून नवीन इमारत होणार होती. वृंदावन हलणार हे ठरलेलं होतं, ते अंगणात जसं उभं होतं तसं राहावं एवढीच घरच्यांची इच्छा. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, आणि पूर्वेकडून घराच्या पडवीचा नालीदार पत्रा पुढे आलेला. त्या पत्र्याच्या कडेची सावली वृंदावनावर तिरकी पडली होती: वरचा डावा भाग सावलीत, खालचा उजवा उन्हात. बाजूला गुलाबी रंग दिलेली भिंत, खाली शहाबादी फरशी.

ढगाळ दिवशी गेले असते तर अर्धा प्रश्न उद्भवलाच नसता, हे मान्य. पण आपल्याकडे ढगाळ दिवस म्हणजे बहुतेक पावसाळा, आणि पावसाळ्यात दगड ओला असतो. ओला दगड कोरड्यापेक्षा गडद दिसतो, शिवाय चमकतो. तो गडदपणा कुठल्याही हिशेबाने काढता येत नाही. त्यामुळे कोरडा दगड आणि कडक ऊन हा सौदा मला ओल्या दगडापेक्षा बरा वाटतो. उन्हाचा हिशेब निदान मांडता तरी येतो.

आधी निदान

दोष कुठे आहे हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. मेशवर टेक्स्चर लावा आणि सगळे दिवे बंद करून फक्त रंग दिसेल असं करा. ब्लेंडरमध्ये व्ह्यूपोर्टची लाइटिंग `Flat` आणि रंग `Texture` ठेवला की झालं. आता वस्तूकडे पाहा. केवळ रंगावरून तुम्हाला तिचा उठाव, खोली, गोलाई कळत असेल तर तेवढा उजेड टेक्स्चरमध्ये शिल्लक आहे. उत्तम साफ झालेलं टेक्स्चर या अवस्थेत चपटं, निर्जीव, थोडं कंटाळवाणं दिसतं. तसंच दिसलं पाहिजे.

उरलेला दोष दोन प्रकारचा असतो. खाचांमध्ये आणि कोपऱ्यांत अंधूक काळोखी असेल, कडा स्पष्ट नसतील, तर तो आकाशाचा पसरलेला उजेड कमी पोचल्याचा परिणाम आहे. धारदार किंवा किंचित विरलेली स्पष्ट कड असेल तर ती थेट उन्हाची सावली. पहिला प्रकार अँबियंट ऑक्लूजनच्या नकाशाने बऱ्यापैकी निघतो. त्रास देतो तो दुसरा.

फोटोंमधली वेळ

मी १६४ फोटो काढले होते, आणि त्याला ४० मिनिटं लागली. आकाराच्या दृष्टीने यात काहीच बिघडत नाही, दगड जागचा हलत नाही. पण सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे ४० मिनिटांत १० अंश. पत्र्याची कड दगडापासून उन्हाच्या दिशेने दीड मीटरवर होती. हिशेब केला तर पहिल्या आणि शेवटच्या फोटोत सावलीची कड सुमारे २६ सेंटिमीटर सरकलेली. टेक्स्चर बनवताना सॉफ्टवेअर हे सगळे फोटो एकमेकांत मिसळतं, आणि जी सावली उमटते ती कुठल्याच एका क्षणाची नसते. अशी सावली कुठल्याच सूर्याने परत तयार करता येत नाही. ब्रशनंतर राखाडी चट्टे उरतात त्यांचं हेच कारण.

उपाय साधा आहे. आकार सगळ्या फोटोंतून काढायचा, रंग मात्र थोड्या वेळात काढलेल्या फोटोंतूनच घ्यायचा. माझी पहिली फेरी, छातीच्या उंचीवरून वृंदावनाभोवती मारलेली, २२ फोटोंची आणि तीन मिनिटांची होती. मेटाशेपमध्ये टेक्स्चर बनवण्याआधी बाकीचे फोटो बंद केले आणि त्या २२ वर रंग बांधला. तीन मिनिटांत कड सरकते ती दोन सेंटिमीटर. सूर्य हा ठिपका नाही, त्याची तबकडी साधारण अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे दीड मीटरवर सावलीची कड मुळातच १४ मिलिमीटर विरलेली असते. दोन सेंटिमीटरचा घोळ त्या विरलेपणाच्या जवळपास येतो. एवढा चालतो. वरचा चौकोन आणि चौथऱ्याच्या पाठीमागची बाजू त्या फेरीत नीट आली नव्हती, तिथे नंतरचे फोटो चालू केले, कारण त्या भागात पत्र्याची कड येतच नव्हती.

दुसरी गोष्ट फोटोंच्या जातीची. हा हिशेब भागाकाराचा आहे, आणि भागाकार तेव्हाच खरा उतरतो जेव्हा फाइलमधला आकडा प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात असतो. मोबाइलची जेपेग तशी नसते. मोबाइल प्रत्येक फोटोत सावलीचा भाग आपल्या मनाने उजळवतो, आणि दर फोटोत वेगळा. त्यामुळे कॅमेऱ्याची रॉ फाइल, मॅन्युअल एक्स्पोजर, एकच व्हाइट बॅलन्स, आणि पहिल्या फोटोत एक १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड. रॉ डेव्हलप करताना कॉन्ट्रास्टची वक्ररेषा, शॅडो उचलणं, सगळं बंद ठेवायचं आणि १६ बिट टिफ काढायची. एक्स्पोजर बांधलेलं असल्याने फोटोग्रामेट्री सॉफ्टवेअरची रंग जुळवण्याची सोयही बंद ठेवावी, नाहीतर ते सावलीतले फोटो उन्हातल्यांशी जुळवायला जातं.

याचं महत्त्व आकड्यात पाहा. समजा उन्हातला दगड ०.२५ आणि त्याच दगडाचा सावलीतला भाग ०.०५ इतका उजेड परत देतो. प्रमाण पाचपट. नेहमीच्या आठ बिट फोटोत हेच आकडे साधारण १३७ आणि ६३ होतात, म्हणजे प्रमाण सव्वादोनपटीच्याही खाली. आता त्या ६३ ला पाचाने गुणलं तर ३१५, पांढऱ्याच्याही पलीकडे. 'टूलने सावली पांढरी केली' अशी तक्रार येते तेव्हा नव्वद टक्के वेळा मी आधी हेच तपासते: हिशेब सरळ उजेडावर चाललाय की गॅमा चढलेल्या रंगावर?

तीन मेश

कच्ची मेश १ कोटी १८ लाख त्रिकोणांची आली. हिच्यावरून तीन गोष्टी करायच्या, आणि तिन्ही एकाच मापात, एकाच मूळ बिंदूवर राहिल्या पाहिजेत. एक्स्पोर्ट करताना कुणीतरी एकीला मध्यावर आणून ठेवतं आणि पुढचं सगळं बेकिंग दोन बोटं सरकतं. हे फार वेळा पाहिलंय.

पहिली कच्चीच, हात न लावलेली. रंग आणि बारीक खडबडीतपणा हिच्यातून घ्यायचा.

दुसरीला मी 'अंगण' म्हणते. पूर्ण सीन, भिंत-फरशी-पत्रा सगळ्यासकट, फक्त डेसिमेट करून १५ लाख त्रिकोणांवर आणलेला. छाटणी काहीही नाही. उजेडाचा हिशेब हिच्यावर होणार, आणि उजेडाला दगडाचा प्रत्येक दाणा लागत नाही, खाचा-कडा शाबूत असल्या की पुरतं. एवढी मोठी कपात ब्लेंडरच्या मॉडिफायरने करायला गेलात तर मशीन गुदमरतं. पहिला टप्पा फोटोग्रामेट्री सॉफ्टवेअरमध्येच किंवा मेशलॅबच्या `Quadric Edge Collapse Decimation` ने उरकावा.

पत्रा स्कॅनमध्ये फाटका आला होता, पातळ आणि चमकत्या वस्तूंचं नेहमी तसंच होतं. त्याची कड तर करवतीसारखी. तिथे मी त्याच्या चार कोपऱ्यांवर बेतलेला एक सपाट तुकडा ठेवला आणि स्कॅनमधला फाटका पत्रा पुसला. सावली पाडायला तेवढा पुरतो.

तिसरी मेश ही खरी द्यायची वस्तू, १४ हजार त्रिकोणांची. ही नुसतं डेसिमेट करून का नाही बनवायची? पूर्वी मी तसंच करायचे. कपात करणारी पद्धत सपाट भागात कमी आणि वळणावर जास्त त्रिकोण ठेवते, तत्त्व उत्तम आहे. पण स्कॅनमध्ये मिलिमीटरभराची खरखर सगळीकडे असते आणि तिला ती खरखरच वळण वाटते. मग सपाट चौथऱ्यावर त्रिकोण वाया जातात आणि जिथे हवेत त्या दिवळीच्या कडेला दातरे पडतात. शिवाय असल्या वेड्यावाकड्या जाळ्यावर यूव्हीची शिवण सरळ घालता येत नाही. दूर पार्श्वभूमीला ठेवायच्या दगडाला डेसिमेट पुरेसं आहे. हातभर अंतरावरून पाहायच्या वस्तूला नाही.

रीटोपॉलॉजीत माझा बराच वेळ एका खोड्यात गेला, तो सांगते. व्हॉक्सेल रीमेश आधी करायचा, म्हणजे तरंगणारे तुकडे आणि छिद्रं जातात. मी ४ मिलिमीटरचं माप दिलं आणि मेश आतून पोकळ, दुहेरी भिंतीची निघाली. कारण स्कॅन खालून उघडा होता, जमिनीला टेकलेला भाग कॅमेऱ्याला दिसणार कसा? आधी खालची बाजू बंद करा, मग रीमेश. त्यानंतर क्वाड्रीफ्लोने ७ हजार चौकोन. तो चालायलाच तयार नसेल तर बहुधा मेशमध्ये कुठेतरी एका कडेला तीन पृष्ठभाग चिकटलेले असतात किंवा काही पृष्ठभाग उलटे फिरलेले असतात. दिवळीची कमान त्याने साबणासारखी गुळगुळीत केली होती. तेवढा भाग काढून मी हाताने बांधला, कडेला लागून दोन-दोन ओळी, पृष्ठभागाला स्नॅप करून. शेवटी श्रिंकरॅपने सगळं कच्च्या मेशवर चिकटवलं. न वाकणाऱ्या दगडाला सगळीकडे हाताने चौकोन जोडत बसायची गरज नाही, हे माझं ठाम मत आहे. कड जिथे दिसते तिथेच हात लावावा.

उजेड परत मांडणं

आता मुख्य काम. ज्या उजेडात फोटो काढले तो उजेड 'अंगण' मेशवर परत मांडायचा, त्याचा नकाशा तिसऱ्या मेशच्या यूव्हीवर बेक करायचा, आणि रंगाच्या टेक्स्चरला त्याने भागायचं. उरतो तो दगडाचा स्वतःचा रंग.

सूर्य कुठे होता हे तारीख-वेळेवरून काढता येतं, पण स्कॅनला उत्तर दिशा माहीत नसते. त्यापेक्षा सावलीलाच विचारावं. पत्र्याचा एक कोपरा आणि त्याच कोपऱ्याची दगडावर पडलेली सावली, हे दोन बिंदू जोडणारी रेघ म्हणजे उन्हाची दिशा. ब्लेंडरमध्ये सन लाइट पत्र्याच्या कोपऱ्यावर ठेवला, सावलीच्या बिंदूवर एक एम्प्टी ठेवली आणि `Track To` ने लाइटचा `-Z` अक्ष तिकडे वळवला. कोन ०.५३ अंश, म्हणजे कड खऱ्यासारखी विरते. स्ट्रेंथ ३.१४ ठेवली की उन्हाला थेट तोंड असलेल्या पृष्ठभागावर आकडा १ च्या आसपास येतो, वाचायला सोपं पडतं.

दोन वेगळे नकाशे बेक करायचे. एकात फक्त सूर्य, आकाश काळं. दुसऱ्यात फक्त आकाश, एकसारखं पांढरं, सूर्य बंद. दोन्ही वेळा सायकल्समध्ये बेक टाइप `Diffuse`, त्यात `Direct` आणि `Indirect` चालू, `Color` बंद, `Selected to Active` चालू, ३२ बिट ईएक्सआर. दोन वेगळे का, तर ऊन पिवळसर आणि आकाश निळसर असतं. सावलीतला दगड नुसता गडद नसतो, निळाही असतो. एकाच करड्या नकाशाने भागलं तर काळेपणा जातो आणि निळा डाग मागे राहतो.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं. 'अंगण' मेशला पांढरं मटेरियल दिलं तर पृष्ठभागांमधून परावर्तन खऱ्यापेक्षा फार जास्त होतं, आणि नकाशात दिवळीचा आतला भाग वाजवीपेक्षा उजळ येतो. मग भागाकारानंतर तो काळाच राहतो. दगडाला ०.१ च्या आसपासचा करडा द्यावा, फरशीला थोडा जास्त, आणि भिंतीला तिचा गुलाबी. हो, रंगसुद्धा, कारण वृंदावनाच्या त्या बाजूला खरोखरच गुलाबी झाक होती आणि ती याच मार्गाने निघाली. दुसरं, कच्ची मेश आणि 'अंगण' एकाच वेळी सीनमध्ये दिसत असतील तर एकच पृष्ठभाग दोनदा येतो आणि नकाशाभर काळी खसखस पडते. एक लपवा. तिसरं, किरणांची लांबी. `Max Ray Distance` फार ठेवली तर दिवळीच्या आतले किरण समोरच्या कडेला जाऊन आपटतात. मी ३ सेंटिमीटरवर थांबले.

रंगाचं टेक्स्चर कच्च्या मेशवरून बेक करताना मात्र `Emit` वापरायचं, म्हणजे त्यात नवा उजेड मिसळत नाही.

ऊन आणि आकाशाचं प्रमाण

नकाशे तयार झाले तरी ऊन आकाशाच्या किती पट होतं हे अजून माहीत नाही. ते दगडच सांगतो. सावलीच्या कडेच्या अल्याड-पल्याड दोन ठिपके निवडायचे, बोटभर अंतरावर, जिथे दगड एकाच रंगाचा आहे याची खात्री आहे. एक उन्हात, एक सावलीत. दोघांचा मूळ रंग एकच, म्हणून त्यांच्यातला फरक फक्त उजेडाचा.

```
x = (R*K2 - K1) / (S1 - R*S2)
```

यात `R` म्हणजे टेक्स्चरमधलं उन्हातल्या ठिपक्याचं सावलीतल्याशी प्रमाण. `S` सूर्याच्या नकाशातला आकडा, `K` आकाशाच्या. १ उन्हातला ठिपका, २ सावलीतला. `x` हे आपल्याला हवं असलेलं प्रमाण, आणि ते लाल, हिरव्या, निळ्यासाठी वेगवेगळं काढायचं.

माझ्या ठिपक्यांवर `S1` ०.८०, `S2` ०.०४, `K1` ०.७० आणि `K2` ०.६० आले. गुलाबी भिंत पलीकडच्या बाजूला होती, त्यामुळे या जागी तिन्ही रंगांचे आकडे जवळपास सारखेच होते. `R` मात्र लालमध्ये ६, हिरव्यात ५, निळ्यात ४. मांडून पाहिलं तर लाल ५.१८, हिरवा ३.८३, निळा २.६६. लाल सगळ्यात मोठा आणि निळा सगळ्यात लहान हे बरोबरच आहे, पिवळं ऊन आणि निळं आकाश. हा क्रम उलटा आला तर रंगांचे चॅनेल अदलाबदल झालेत असं समजावं. अशा पाच-सहा जोड्या काढून मधला आकडा घ्यावा. एखादी जोडी फार वेगळं उत्तर देत असेल तर तिथे दगडाचा रंगच बदलतोय.

भागाकार कुठल्याही कंपोझिटरमध्ये होतो. मी पायथनमध्ये करते:

```python
import os
os.environ["OPENCV_IO_ENABLE_OPENEXR"] = "1"
import cv2, numpy as np

def rd(p):
    return cv2.imread(p, cv2.IMREAD_UNCHANGED)[..., :3]

C, S, K = rd("color.exr"), rd("sun.exr"), rd("sky.exr")
x = np.array([2.66, 3.83, 5.18], np.float32)  # B, G, R
A = C / np.maximum(x * S + K, 0.05)
cv2.imwrite("albedo.exr", A.astype(np.float32))
```

ओपनसीव्ही रंग निळ्यापासून मोजतं, म्हणून आकडे उलट्या क्रमाने आहेत. ०.०५ ची पायरी यासाठी की अगदी अंधाऱ्या खाचेत जवळपास शून्याने भागलं तर तिथे पांढरे ठिणगीसारखे ठिपके उडतात. सगळ्यात शेवटी एक गुणाकार राहतो, कारण निघालेल्या रंगाला अजून खरं माप नाही. कार्ड मी चौथऱ्याला टेकवून ठेवलं होतं. कार्डाचा आणि त्याच्या शेजारच्या दगडाचा त्या फोटोतला उजेड ताडून दगडाचा खरा आकडा काढला, आणि टेक्स्चरमध्ये तीच जागा त्या आकड्यावर येईल एवढ्याने सगळं गुणलं. कोरडा काळा दगड ०.१ च्या आसपास आला, म्हणजे नेहमीच्या आठ बिट फाइलमध्ये साधारण ८९. तो ४० च्या खाली गेला असता तर उजेड कुठेतरी जास्तच भागला गेला असं मी मानलं असतं.

काजळी

पहिल्या वेळी, हा खटाटोप करण्याआधी, मी गडद भाग आपोआप उजळवणारं टूल चालवून वृंदावन त्या घरातल्या आजींना फोनवर दाखवलं होतं. त्यांनी बोटाने फिरवून सगळ्या बाजू पाहिल्या. मग दिवळी जवळ आणली आणि थांबल्या. "काजळी कुठं गेली गो?" म्हणाल्या. "माझ्या सासूपासूनचा दिवा आहे तिथं."

दिवळीच्या कमानीवर पणतीच्या धुराचा काळा पट्टा होता, वरच्या बाजूला जिभेसारखा निमुळता होत गेलेला. टूलला तो सावली वाटला आणि त्याने तो उजळवून टाकला. त्या दिवशी मला पद्धत बदलावीच लागेल हे कळलं. रंगावरून अंदाज करणाऱ्या टूलला काजळी आणि काळोख यांतला फरक कळणं शक्य नाही. आकारावरून मांडलेल्या हिशेबात मात्र काजळीला उजेडाच्या बाजूने काही कारणच सापडत नाही. पत्रा तिथे सावली पाडत नाही, खाच तेवढी खोल नाही. म्हणून ती भागाकारातून जशीच्या तशी बाहेर येते. दुसऱ्या वेळच्या टेक्स्चरमध्ये काजळी आहे, तिच्याखाली कुंकवाचे डाग आहेत, डाव्या बाजूला तेल ओघळलेली रेघ आहे. स्कॅन तपासताना आता मी आधी अशी एखादी खूण शोधते, जी गडद आहे पण सावली नाही. ती टिकली तर पद्धत बरोबर चालली आहे.

तरीही उरतं ते

सावलीच्या कडेवर दीड-दोन सेंटिमीटरची अस्पष्ट रेघ राहिली, एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने गडद. ही त्या तीन मिनिटांची किंमत. दोन्ही बाजूंचा दगड आता सारख्याच रंगाचा असल्यामुळे ती टेक्स्चर पेंटमध्ये शेजारचा दगड क्लोन करून वीस मिनिटांत गेली. आधी हीच रेघ तीस सेंटिमीटरचा चट्टा होती.

रेघेऐवजी पूर्ण कड समांतर सरकलेली दिसली तर सूर्याची दिशा चुकली आहे, दुसरा कोपरा घेऊन परत मांडा. खाचा आजूबाजूपेक्षा उजळ झाल्या असतील तर नकाशात परावर्तन कमी पडलंय, मटेरियल थोडं उजळ करा. सगळी वस्तू साफ आहे पण सीनमध्ये खडबडीतपणा आत-बाहेर उलटा दिसतोय, तर तो उजेडाचा दोष नाहीच. ब्लेंडरच्या नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल अनरीअलच्या उलट असतो, तो फिरवावा लागतो.

चौथऱ्याच्या पुढच्या कडेवर, जिथे पाय घासून दगड गुळगुळीत झालाय, तिथे ऊन थेट चमकलं होतं आणि फोटोत तो भाग पूर्ण पांढरा गेला. तिथे रंगाची माहितीच नाही, भागायला काही उरलेलं नाही. लेन्सवर आणि फ्लॅशवर पोलरायझर लावून काढलेल्या फोटोंत अशी चमक मरते, पण उघड्या उन्हात फ्लॅश पुरत नाही, त्यासाठी संध्याकाळी परत जायला हवं होतं. तोपर्यंत वृंदावन हललं होतं. हाताच्या पंजाएवढा तो भाग मी शेजारच्या दगडावरून रंगवला, आणि कुठला भाग रंगवलेला आहे ते दाखवणारा एक काळा-पांढरा मास्क फाइलींबरोबर दिला. त्या फोल्डरमध्ये कच्ची मेश, छाटणी न केलेलं 'अंगण' आणि दोन्ही उजेडाचे नकाशेही ठेवले आहेत.